बेस्ट, बेस, वर्स्ट: एकाच पानावर तीन बजेटं मांडताना

6 ऑक्टोबरला आमच्या खजिनदार मॅडमचा फोन आला. "या वर्षीही बजेट एकच नको. बेस्ट, बेस आणि वर्स्ट, तिन्ही शेजारी शेजारी दिसायला हवीत. आणि तीन फाइली पाठवू नकोस, एकच कागद."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं. मी एका छोट्या प्रशिक्षण संस्थेचे हिशेब बघते. आदल्या वर्षी मी तीन वेगळ्या फाइली केल्या होत्या. नंतर पगारातली एक चूक सापडली, ती मी एका फाइलीत सुधारली आणि बाकी दोन तशाच राहिल्या. बैठकीत कुणीतरी विचारलं की वाईट वर्षात पगार चांगल्या वर्षापेक्षा जास्त कसे? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बजेट मंजूर होऊन नवं वर्ष सुरूही झालंय. या कामाला सात आठवडे लागले, त्यातले माझे साधारण तीस तास. सॉफ्टवेअरचा वेगळा खर्च काही नाही, नेहमीच्या एक्सेलमध्येच झालं. कुणाला असंच काम अंगावर आलं असेल तर माझ्या चुका उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितेय. खालचे सगळे पैशांचे आकडे हजारांत आहेत.

पहिला मसुदा, 14 ऑक्टोबर

पहिला मसुदा मी एका संध्याकाळीच उरकला. बेसमध्ये, म्हणजे नेहमीसारख्या वर्षात, 300 विद्यार्थी, प्रत्येकी फी 4, म्हणजे जमा 1200. खर्च 1150. शिल्लक 50. मग बेस्टसाठी जमा वीस टक्के वाढवली आणि खर्च दहा टक्के कमी केला, वर्स्टसाठी बरोबर उलटं. बेस्टमध्ये 405 शिल्लक, वर्स्टमध्ये 305 तूट. तीन रकाने, हिरवा, पांढरा, लाल. दिसायला छान होतं.

मॅडमनी कागद पाच मिनिटं बघितला आणि विचारलं, "बेस्टमध्ये विद्यार्थी वाढले ना? मग शिक्षकांचं मानधन कमी कसं झालं?"

मी गप्प. आमच्याकडे मानधन तुकडीमागे देतात. मुलं वाढली की तुकड्या वाढतात आणि तुकड्या वाढल्या की मानधन वाढतं. वर्स्टमध्ये त्याच्या उलट, मुलं कमी असताना मी शिक्षकांना जास्त पैसे देत होते. जमा आणि खर्च एकमेकांना बांधलेले असतात. प्रत्येक ओळीवर वेगवेगळी टक्केवारी लावली की ती गाठ सुटते, आणि मग कागदावर असं वर्ष तयार होतं जे प्रत्यक्षात येऊच शकत नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोचला. "हे 300 कुठून आणलेस?"

खरं सांगायचं तर इच्छेतून. घरी येऊन मागच्या सहा वर्षांच्या प्रवेशवह्या काढल्या: 284, 188, 310, 262, 341, 295. सहापैकी फक्त दोनदा आकडा 300 च्या वर गेला होता. म्हणजे माझा बेस हा अर्धा बेस्टच होता. बेसची परीक्षा मी आता अशी घेते: प्रत्यक्ष आकडा याच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता साधारण सारखी वाटते का? सहा वर्षांची सरासरी 280 निघाली, आणि मधले आकडेही 284 आणि 295 होते. 280 धरले.

त्यातून जे निघालं ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. 20 तुकड्या, प्रत्येकी 14 मुलं, जमा 1120. मानधन तुकडीमागे 22 प्रमाणे 440. साहित्य मुलामागे अर्धा, म्हणजे 140. भाडं, पगार, वीज वगैरे ठरलेला खर्च 560. एकूण 1140. म्हणजे आमचं नेहमीसारखं वर्षच 20 तुटीचं होतं. इतकी वर्षं बजेट दरवेळी थोडं नफ्यात दिसायचं आणि वर्षअखेरीस दरवेळी काहीतरी "अनपेक्षित" घडायचं. त्यात अनपेक्षित फारसं काही नव्हतं.

वर्स्ट म्हणजे किती वाईट

नव्याने बसले तेव्हा ठरवलं की टक्केवारी कुठेच लावायची नाही. तिन्ही रकान्यांत फक्त मुळाशी असलेले आकडे बदलायचे आणि बाकी सगळं सूत्रांनी निघू द्यायचं. आमच्याकडे असे आकडे तीनच निघाले: तुकड्या किती, तुकडीत मुलं किती आणि फी किती दिवसांनी हातात येते. फी आधीच जाहीर केलेली असल्यामुळे ती तिन्हीकडे 4 च राहिली. पहिल्या मसुद्यात मी तीही बदलली होती, कारण टक्केवारी सगळ्यावरच फिरवली होती.

वर्स्ट भरताना मात्र हात सुटला. मुलं कमी, त्यात घरमालकाने भाडं वाढवलं, त्यात मुख्य शिक्षक सोडून गेले, त्यात सगळे संगणक एकदम बदलावे लागले. तूट 400 च्या पुढे गेली. मला वाटलं, आता कुणी म्हणणार नाही की मी गोड चित्र रंगवलं.

मॅडम म्हणाल्या, "एवढं सगळं एकाच वर्षी झालं तर बजेट कशाला, संस्था बंदच करू." मग त्यांनी साधा हिशेब मांडला. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन वाईट गोष्टी, प्रत्येक दहा वर्षांतून एकदा होणारी. तिन्ही एकाच वर्षात येण्याची शक्यता हजारात एक. अशा रकान्याकडे बघून कुणी कसलाच निर्णय घेत नाही. लोक हसतात आणि पान उलटतात.

पण ज्या गोष्टींचं कारण एकच आहे त्या एकत्रच येतात, आणि त्या वर्स्टमध्ये एकत्रच हव्यात. प्रवेश आटतात तेव्हा तुकड्याही कमी होतात, तुकडीतली मुलंही कमी असतात, आणि ज्या संस्था आपल्या कर्मचाऱ्यांना आमच्याकडे पाठवतात त्या पैसेही उशिरा देतात. 188 प्रवेशांच्या वर्षाची बँकेची पासबुकं बघितली तर अगदी हेच घडलेलं होतं. म्हणून वर्स्ट ठरलं: 15 तुकड्या, प्रत्येकी 12 मुलं, आणि येणं 60 ऐवजी 90 दिवसांनी. भाड्याचा करार अजून दोन वर्षं आहे, त्यामुळे भाडेवाढ काढून टाकली. शिक्षक आणि संगणक तळटीपेत गेले.

बेस्टमध्ये 22 तुकड्या, 16 मुलं. इथे एक गोष्ट हातातून निसटता निसटता राहिली. आमच्या खोलीत वर्षाला 20 तुकड्याच बसतात. एकविसावी तुकडी घ्यायची तर दुसरी खोली हवी, तिचे 90, तेही आगाऊ. ठरलेला खर्च म्हणजे कायमचा ठरलेला नसतो, एका मर्यादेनंतर तो पायरीसारखा उडी मारतो. बेस्ट केस फुगलेलं दिसत असेल तर आधी ही पायरी शोधावी, ती बहुतेक वेळा विसरलेली असते.

तीन रकाने एका जागी आणणं

आता यंत्राची बाजू. माझ्या शीटमध्ये गृहीतकांच्या प्रत्येक ओळीत तीन किमती आहेत, आणि त्यांच्या डावीकडे एक "चालू" किंमत. `C2` या पेटीत 1, 2 किंवा 3 लिहायचं: 1 म्हणजे बेस, 2 वर्स्ट, 3 बेस्ट. चालू किंमत अशी निघते:

```
=CHOOSE($C$2,E6,F6,G6)
```

बारा महिन्यांचं सगळं गणित फक्त या चालू किमतींवर उभं आहे. सूत्र एकच, त्यामुळे दुरुस्तीही एकाच जागी. तीन फाइलींचं दुखणं इथेच संपलं.

पण यात एक मोठी उणीव आहे. एका वेळी एकच स्थिती दिसते, आणि मॅडमना तर शेजारी शेजारी हवं होतं. आधी मी एक-एक आकडा लिहून निकाल किमती म्हणून चिकटवले. त्यानंतर काहीही बदललं की पुन्हा तीनदा चिकटवायचं. एक्सेलमधलं `Scenario Manager` सुद्धा वापरून बघितलं. त्याचा सारांश नीटनेटका येतो, पण तोही त्या क्षणाचा फोटोच असतो, खालचे आकडे बदलले तरी तो बदलत नाही.

शेवटी जमलं ते `Data Table` ने. निकालांच्या जागी वरच्या ओळीत `F29` पासून 1, 2, 3 लिहिले. डाव्या रकान्यात `E30` पासून खाली मला हव्या असलेल्या निकालांकडे बोट दाखवणारी सूत्रं: जमा, खर्च, शिल्लक, वर्षअखेरची रोकड, वर्षातली सर्वांत कमी रोकड. मग सगळा चौकोन निवडून `Data` → `What-If Analysis` → `Data Table`, आणि `Row input cell` मध्ये `C2`. एक्सेल स्वतःच `C2` मध्ये तिन्ही आकडे घालून बघतं आणि निकाल शेजारी शेजारी मांडतं. गृहीतक बदललं की तिन्ही रकाने बदलतात. एक अट आहे: `C2` आणि हा तक्ता एकाच शीटवर हवेत. माझी `C2` दुसऱ्या शीटवर होती, म्हणून एक्सेल ती पेटी घ्यायलाच तयार नव्हतं. त्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

हे सगळं महिनावार गणित होतं म्हणून करावं लागलं. बजेट फक्त वार्षिक असेल, वीस-तीस ओळींचं, तर सरळ तीन रकान्यांत तीनदा सूत्रं ओढा. ते वाचायलाही सोपं जातं. गूगल शीट्समध्ये `Data Table` नाहीच, त्यामुळे तिथे तोच मार्ग.

17 नोव्हेंबर, बैठकीची सकाळ

साडेनऊला कळलं की ठरलेल्या खर्चात विम्याचे 15 धरायचे राहिलेत. मी 560 चे 575 केले, प्रिंट काढली आणि निघाले. रिक्षात बसल्यावर कागद बघितला: बेसची तूट अजूनही 20 च. ती 35 व्हायला हवी होती.

वरचं गणित बदललं होतं, खालचा तक्ता जुनाच होता. कारण संध्याकाळी सापडलं. `Formulas` मध्ये `Calculation Options` असतं, आणि त्यात तक्ते सोडून बाकी सगळं आपोआप मोजायचा एक पर्याय असतो. मी तो निवडला नव्हता. पण त्या सकाळी मी आधी एका सहकाऱ्याची जडशीळ फाइल उघडली होती. एक्सेल सुरू केल्यावर सर्वांत आधी उघडलेल्या फाइलीची मोजणीची पद्धत नंतर उघडलेल्या फाइलींनाही लागू होते. `F9` दाबलं असतं तर तक्ता ताजा झाला असता, पण दाबायला हवं हे कळायला तर हवं ना.

त्या दिवशी मी सरळ सांगितलं की कागदावरचा तक्ता जुना आहे, आणि मंजुरी आठवडाभर पुढे ढकलली गेली. (विमा आधीच दुसऱ्या ओळीत धरलेला निघाला, त्यामुळे 575 चे पुन्हा 560 झाले. असो.) त्यानंतर तक्त्याखाली एक तपासणीची ओळ घातली:

```
=SUMPRODUCT(ABS(INDEX(F30:H34,0,$C$2)-E30:E34))
```

तक्त्यातले पाचही निकाल आणि चालू गणिताचे निकाल यांतला हा एकूण फरक. तो शून्य नसेल तर तक्ता शिळा आहे. पेटी शून्य सोडून काहीही असली की लाल होते, आणि लाल असताना प्रिंट काढायची नाही.

कागदावर काय राहिलं

24 नोव्हेंबरला जे पान समोर ठेवलं त्याचा गाभा असा होता:

| | बेस | वर्स्ट | बेस्ट |
|---|---|---|---|
| तुकड्या × मुलं | 20 × 14 | 15 × 12 | 22 × 16 |
| जमा | 1120 | 720 | 1408 |
| मानधन | 440 | 330 | 484 |
| साहित्य | 140 | 90 | 176 |
| ठरलेला खर्च | 560 | 560 | 560 |
| दुसरी खोली | 0 | 0 | 90 |
| शिल्लक / तूट | −20 | −260 | 98 |
| वर्षअखेरची रोकड | 180 | −60 | 298 |
| वर्षातली सर्वांत कमी रोकड | 60 | −110 | 45 |

वर्षाची सुरुवात 200 रोकडीने होते. शेवटच्या तीन महिन्यांत आम्ही नवी तुकडी घेत नाही, त्यामुळे वर्षअखेरपर्यंत सगळं येणं जमा होतं.

बेस मी मुद्दाम पहिला ठेवला, मध्ये नाही. मंजुरी त्यालाच मिळते, आणि लोक पहिला रकाना म्हणजेच बजेट असं समजून वाचतात. गृहीतकं वेगळ्या पानावर न ठेवता निकालांच्या डोक्यावरच ठेवली. रंग काढून टाकले. लाल रकाना दिसला की सगळी चर्चा तिथेच अडकते.

शेजारी शेजारी ठेवल्यामुळेच दिसलेल्या दोन गोष्टी. चांगलं वर्ष आम्हाला बेसपेक्षा 118 जास्त देतं, वाईट वर्ष 240 नेतं. पहिल्या मसुद्यात दोन्ही बाजू सारख्याच अंतरावर होत्या, कारण तशा मीच ठेवल्या होत्या. आणि शेवटची ओळ: बेस्टमध्ये सर्वांत कमी रोकड बेसपेक्षाही खाली जाते. दुसऱ्या खोलीचे पैसे आगाऊ, जास्त तुकड्यांचं मानधन दर महिन्याला, आणि फी मात्र दोन महिन्यांनी. ही ओळ नसती तर चांगल्या वर्षी खात्यात पैसे का नाहीत हे आम्हाला आठव्या महिन्यात कळलं असतं.

एका सदस्यांनी तिन्ही निकालांची सरासरी काढली, 61 तूट आली, आणि म्हणाले, "मग खरं बजेट हेच ना?" तसं नाही. सरासरीत तिन्ही वर्षांना सारखं वजन मिळतं, आणि 260 तुटीचं वर्ष काही दर तीन वर्षांनी येत नाही. आता तक्त्याखाली एक ओळ लिहिली आहे की वर्स्ट म्हणजे दहा वर्षांतून साधारण एकदा येणारं वर्ष.

सर्वांत जास्त वाद झाला तो वर्स्टच्या रकान्यात आमचे उपाय धरायचे की नाही यावर. मला ते तूट कमी दिसावी म्हणून आतच घालायचे होते. मॅडमनी ठाम नकार दिला: रकान्यात बाहेर काय घडतं ते, आपण काय करू ते त्याखाली वेगळं. मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचंच बरोबर होतं. उपाय आत घातले असते तर ते कुणी, कधी करायचे हा प्रश्नच उठला नसता.

म्हणून खाली तीन ओळी आल्या. तुकड्या एकत्र करून दोन कमी करणं, बचत 44. रिकामी होणारी अर्धवेळ जागा सहा महिने न भरणं, बचत 40. दोन्ही केलं तर वर्षअखेरची रोकड −60 वरून 24 वर येते. पण सर्वांत खालचा महिना तरीही −70 राहतो, कारण बचत हळूहळू होते. म्हणून तिसरी ओळ: बँकेकडून 100 ची उचल मर्यादा आताच मंजूर करून घेणं. तिची कागदपत्रं पूर्ण व्हायला सहा आठवडे लागले. पासबुक रिकामं असताना हे मागायला गेलो असतो तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

प्रत्येक ओळीसमोर ती केव्हा अमलात आणायची तेही लिहिलं. दरवर्षीच्या प्रवेशांपैकी साधारण 38 टक्के पहिल्या चार महिन्यांत, जानेवारी ते एप्रिल, होतात. बेसप्रमाणे चाललं असेल तर तोपर्यंत 106, वर्स्टप्रमाणे 68. म्हणून ठरलं: एप्रिलअखेर 75 पेक्षा कमी असतील तर पहिल्या दोन ओळी लागू, नव्याने चर्चा नाही. 24 नोव्हेंबरला हे पान मंजूर झालं, 20 तुटीसकट.

30 एप्रिलला वही बंद केली तेव्हा आकडा होता 74.

एका मुलाने काय होतंय, असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. मॅडमनी काही न बोलता तो कागद पुढे सरकवला. तुकड्या एकत्र केल्या आणि फोन करायचं काम माझ्याकडे आलं. चार जणांना नवी वेळ जमत नव्हती. त्यांची फी, एकूण 16, परत केली. हे 16 तिन्ही रकान्यांत कुठेच नव्हते. पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये त्यांची एक ओळ घातली आहे.